ईसीटी: फिट आली, पण ती पुरेशी होती का?

सिनेमात एक सीन ठरलेला असतो, पेशंटला चार जण धरून ठेवतात, डोक्याला काहीतरी लावतात आणि माणूस तडफडतो. वॉर्डातले नातेवाईक तोच सीन डोक्यात घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टर, शॉक देणार का?" नवीन रेसिडेंटची अडचण वेगळीच असते, तो पहिल्या दिवशी ईसीटीच्या, म्हणजे भूल देऊन विजेच्या करंटने फिट आणायच्या उपचाराच्या, रूममध्ये उभा राहतो आणि त्याला वाटतं, अरे काहीच दिसलं नाही, एक पाय थोडा हलला आणि मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली, आता यावरून मी कसं म्हणू की उपचार नीट झाला? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. सायकिअॅट्रीचे नवे विद्यार्थी डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय, पण घरातल्या कोणाला ईसीटी सुचवली असेल तर त्यांनाही समजेल.

एक पेशंट घेऊन चालू. समजा ४६ वर्षांच्या एक काकू आहेत, वजन ५० किलो, तीव्र डिप्रेशन, दहा दिवसांपासून जेवण जवळपास बंद, पाणीसुद्धा आग्रह केल्यावर दोन घोट. औषधांचा असर व्हायला आठवडे लागतात आणि तेवढा वेळ नाहीये, म्हणून ईसीटी ठरली.

करंट नव्हे, फिट काम करते

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवायचं, करंट हा उपचार नाही, मेंदूत येणारी नियंत्रित फिट हा उपचार आहे. जुन्या स्कूटरला किक मारतो ना तसं, किक हलकी बसली तर इंजिन नुसतं खोकतं आणि गप्प बसतं, पुरेशी बसली की इंजिन स्वतःचं स्वतः चालतं. ज्या सगळ्यात कमी डोसला फिट सुरू होते त्याला सीझर थ्रेशोल्ड म्हणतात, पुढे नुसतं थ्रेशोल्ड म्हणू. हा प्रत्येक माणसाचा वेगळा असतो आणि फरक छोटा नसतो, एकाला जो डोस भरपूर होतो तो दुसऱ्याला कुठल्या कुठे पुरत नाही. वय वाढलं की साधारण थ्रेशोल्ड वाढतो, पुरुषांमध्ये थोडा जास्त असतो, आणि लोराझेपाम-क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या किंवा फिटची औषधं चालू असतील तर चांगलाच वर जातो.

भुलीची तयारी आदल्या रात्रीपासून

भुलीशिवाय आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देणं आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे. त्याच कायद्यात हेही आहे की इमर्जन्सी ट्रीटमेंटच्या नावाखाली ईसीटी देता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्यांना पालकांची संमती आणि मेंटल हेल्थ बोर्डाची आधी परवानगी, दोन्ही लागतात. त्यामुळे पहिलं काम कागद तपासायचं.

दुसरं काम उपाशी पोट. सहा तास घन पदार्थ नाही, आणि हे पेशंटला नाही, नातेवाइकांना समजावायचं, कारण "रिकाम्या पोटी बरं नाही" म्हणून सकाळी चहा-बिस्कीट देणारी मावशी प्रत्येक वॉर्डात असतेच. कवळी काढायची, हलणारे दात बघून ठेवायचे, तंबाखू-मावा खाणाऱ्यांचं तोंड नीट उघडतं का तेही बघायचं. लघवीला जाऊन येऊ द्यायचं.

मग क्रम असा. काकूंना आधी मास्कने ऑक्सिजन. नाडी फार मंदावू नये म्हणून ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट द्यायचं की नाही हे अॅनेस्थेटिस्ट ठरवतो, पण पहिल्या सेशनला द्यावं असं माझं मत आहे, कारण खाली सांगतो. मग भुलीचं औषध थायोपेंटोन, किलोला साधारण ३ मिलिग्रॅम, म्हणजे काकूंना १५०. पापणीला हात लावल्यावर हालचाल नाही म्हणजे झोपल्या. मग सलाइन ढकलून लाइन धुवायची आणि त्यानंतरच स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन द्यायचं, कारण ही दोन औषधं नळीत एकमेकांना भेटली तर साका बसतो. सक्सिनिलकोलीनचा डोस किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम, काकूंना ३५ घेऊ. आता बघत राहायचं, आधी चेहऱ्यावर, मग छातीवर, मग पोटऱ्यांवर बारीक थरथर येते आणि शेवटी पायाच्या बोटांपर्यंत पोचून थांबते. ती थांबली की स्नायू सैल झाले. साधारण एक ते दीड मिनिट जातं, आणि घाई करणारे नेमके इथेच चुकतात.

भुलीचं औषध जास्त झालं तर फिट दबते आणि कमी झालं तर पेशंट जागा पण लुळा, जे फार भयानक आहे. म्हणून "अजून थोडं द्या, हलतायत" असं म्हणताना दोनदा विचार करायचा. यावर एक साधा उपाय आहे, भूल दिल्यावर बटण दाबायला जरा थांबायचं, दोन-तीन मिनिटं मास्कने नीट श्वास देत राहायचं. तेवढ्यात भुलीचा मेंदूवरचा दाब थोडा उतरतो, श्वास जास्त दिल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइडही खाली येतो, आणि दोन्हींमुळे फिट चांगली येते. फक्त इतकं थांबायचं नाही की भूल उतरली.

आपल्याकडची एक खास गोष्ट. ग्रामीण भागातून डिप्रेशनचा जो पेशंट येतो त्याने कधी कधी आधी कीटकनाशक प्यायलेलं असतं, त्यातून वाचतो आणि मग ईसीटीसाठी येतो. ऑरगॅनोफॉस्फरस प्रकारच्या कीटकनाशकांनी रक्तातलं ते एन्झाइम मारलं जातं जे सक्सिनिलकोलीन तोडतं, आणि ते भरून यायला आठवडे लागतात. अशा माणसाला नेहमीचा डोस दिला तर पाच मिनिटांत परत यायला हवा तो श्वास कितीतरी वेळ येत नाही. म्हणून आत्महत्येच्या प्रयत्नाची हिस्ट्री घेताना "काय प्यायले आणि कधी" हे विचारून अॅनेस्थेटिस्टला सांगायचंच, मग तो एन्झाइमची तपासणी करून घेईल किंवा दुसरं औषध निवडेल. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचंही आधी सांगायचं, त्यांच्यात सक्सिनिलकोलीनमुळे पोटॅशियम अचानक चढू शकतं.

सगळं शरीर सैल केलं तर फिट दिसणार कशी?

बरोबर प्रश्न आहे, आणि उत्तर म्हणजे बीपीचा कफ. सक्सिनिलकोलीन देण्याच्या *आधी* उजव्या घोट्यावर कफ बांधून वरच्या बीपीच्या बराच वर फुगवायचा, म्हणजे औषध त्या पावलात पोचतच नाही आणि फिट आली की तेवढं पाऊल हलतं. औषध गेल्यावर कफ फुगवला तर काही उपयोग नाही, आणि नंतर हवा सोडायला विसरलं तर ते पाऊल निळं पडून ओरडायची वेळ येते. उजवाच घोटा का, तर उजव्या बाजूच्या एकतर्फी ईसीटीत करंट उजव्या मेंदूत जातो आणि उजवा पाय डावा मेंदू हलवतो, म्हणजे उजवं पाऊल हललं तर फिट दुसऱ्या बाजूलाही पसरली हे कळतं.

आणि एक गोष्ट, बटण दाबताच जबडा कचकन आवळतो, स्नायू सैल केलेले असले तरी, कारण तिथला स्नायू करंटने थेट आवळला जातो, नसेच्या वाटेने नाही. म्हणून रबरचा बाइट ब्लॉक दाढांमध्ये नीट बसवायचा, जीभ आणि ओठ आत अडकत नाहीत ना बघायचं, आणि हनुवटी वर दाबून धरायची. हा आवळा म्हणजे फिट नव्हे, नवीन मुलं हमखास तिथून सेकंद मोजायला सुरुवात करतात. घड्याळ करंट थांबल्यावर सुरू.

इलेक्ट्रोड कुठे लावायचे

दोन मुख्य जागा लक्षात ठेवा. बायटेम्पोरलमध्ये डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंत मनात रेघ ओढायची, तिचा मध्य घ्यायचा आणि तिथून साधारण अडीच सेंटिमीटर वर इलेक्ट्रोडचा मध्य, दोन्ही बाजूंना. उजव्या एकतर्फीमध्ये एक इलेक्ट्रोड याच जागी उजवीकडे आणि दुसरा टाळूच्या मध्यबिंदूच्या किंचित उजवीकडे. बायटेम्पोरलचा असर लवकर आणि खात्रीचा मानला जातो पण विसरभोळेपणा जास्त, एकतर्फीत विसरणं कमी पण डोसचं गणित चुकलं तर असरच नाही. काकूंचं खाणंपिणं बंद आहे, म्हणून आपण बायटेम्पोरल घेतली.

आता तेल. आपल्याकडे डोक्याला तेल चोपडलेलं असतं, आणि तेल करंटला अडवतं. आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवून तेल न लावता यायला सांगायचं, पिना आणि टिकली काढायची (कपाळावर ईईजीचे, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपणारे, इलेक्ट्रोड लागतात), कातडी स्पिरिटने घासून वाळू द्यायची आणि मग जेल. मशीनवर इम्पिडन्स दिसतो, म्हणजे करंटच्या वाटेतला अडथळा. तो हजारो ओहममध्ये चढला तर संपर्क नीट नाही, परत घासा, परत दाबा. अगदीच कमी दिसला तर खूश होऊ नका, बहुतेक जेल किंवा घाम दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पसरलाय आणि करंट कातडीवरूनच पलीकडे निघून जाणार आहे, मेंदूत कमी.

डोस: अंदाज लावायचा की शोधायचा?

डोस मिलीकुलोममध्ये मोजतात, म्हणजे एकूण किती चार्ज गेला. आजची मशीन करंट अखंड सोडत नाही, छोटे छोटे ठोके देते. समजा करंट ०.८ ॲम्पिअर आणि प्रत्येक ठोका १ मिलिसेकंदाचा, तर एका ठोक्यात ०.८ मिलीकुलोम. असे ७५ ठोके म्हणजे ६० मिलीकुलोम. सेकंदाला ८० ठोके लावले असतील तर हे सगळं एका सेकंदाच्या आत संपतं. एवढंच गणित आहे, बाकी बटणं त्याच्यासाठीच असतात.

वयावरून डोस ठरवायची एक पद्धत आहे, बायटेम्पोरलला वयाच्या निम्मा आकडा घ्यायचा आणि मशीनच्या कमाल डोसचे तेवढे टक्के लावायचे. सोपी आहे, पण सरासरीवर चालते. शोधून काढणं म्हणजे टायट्रेशन, आणि शिकणाऱ्याने तेच करावं असं मला वाटतं कारण नंतरचे सगळे निर्णय त्या एका आकड्यावर टेकतात.

काकूंना पहिला डोस ३० मिलीकुलोम. जबडा आवळला, सुटला, पाऊल शांत. लगेच परत दाबायचं नाही, २०-३० सेकंद वाट बघायची, कधी कधी फिट उशिरा उमलते. या वेळात मॉनिटरवर नाडी बघा. करंटमुळे आधी हृदय मंदावतं, फिट आली की ते लगेच धावायला लागतं आणि हिशोब जुळतो. फिट आलीच नाही तर ती धाव येत नाही आणि नाडी नुसती खाली जाते, क्वचित काही सेकंद थांबतेसुद्धा. टायट्रेशनमध्ये असे रिकामे ठोके जाणारच, म्हणून त्या दिवशी ॲट्रोपिन हाताशी नव्हे, आधीच दिलेलं बरं, नाडी मंद करणारं बीटा ब्लॉकर चालू असेल तर जास्तच.

काकूंची नाडी ५२ वर जाऊन परत आली. दुसरा डोस ६० मिलीकुलोम. पायाचा अंगठा आधी ताठ झाला, मग पाऊल लयीत उडायला लागलं, नाडी १३० च्या पुढे. ३४ सेकंदांनी पाऊल थांबलं, ईईजीवर फिट ४१ सेकंद. म्हणजे थ्रेशोल्ड ३० आणि ६० च्या मध्ये कुठेतरी आहे, आपण ६० धरतो. एका सेशनमध्ये असे तीन-चार प्रयत्न पुरे, त्यापुढे भूल आणि सक्सिनिलकोलीन दोन्ही उतरायला लागतात.

पुढच्या सेशनला थ्रेशोल्डवर नाही, त्याच्या वर जायचं. बायटेम्पोरलला साधारण दीडपट, म्हणजे काकूंना ९० मिलीकुलोम. उजव्या एकतर्फीला तब्बल सहापट, म्हणजे तिथला थ्रेशोल्ड समजा ३० निघाला असता तर १८०.

४१ सेकंद फिट आली, मग झालं ना?

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की हालचाल २० सेकंद आणि ईईजीवर २५ सेकंदांच्या वर हवी, आणि रेसिडेंट तो आकडा रजिस्टरमध्ये लिहून मोकळा होतो. पण लांब फिट म्हणजे चांगली फिट असं नाहीये.

याचा पुरावा जुना आणि ठोस आहे. न्यूयॉर्कमधल्या सॅकाइम आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली डिप्रेशनच्या पेशंटना चार गटांत वाटलं. एकतर्फी ईसीटी थ्रेशोल्डच्या जेमतेम डोसला दिली तेव्हा फक्त १७ टक्के लोकांना फरक पडला. थ्रेशोल्डच्या अडीचपट दिली तर ४३ टक्के. बायटेम्पोरलमध्ये कमी डोसला ६५ आणि जास्त डोसला ६३ टक्के. त्या १७ टक्केवाल्या गटातल्या लोकांना फिट येत नव्हती असं नाही, चांगल्या लांबीच्या फिट येत होत्या, घड्याळाने बघितलं तर पास, पण पेशंट होता तिथेच. नंतर २००० साली त्याच संशोधकांनी एकतर्फी सहापट डोसला दिली तेव्हा कुठे ती बायटेम्पोरलच्या बरोबरीला आली. वरचं सहापट तिथूनच आलंय.

अजून एक उलटी गोष्ट, डोस थ्रेशोल्डच्या बराच वर नेला की फिट लांबत नाही, बऱ्याचदा आखूड होते. त्यामुळे नुसते सेकंद बघून "कमी आली, डोस वाढवा" म्हणणारा माणूस कधी कधी उलट्या दिशेने चाललेला असतो.

मग पट्टीवर बघायचं काय?

ईईजीची पट्टी हातात घ्या आणि डावीकडून वाचा. सुरुवातीला बारीक, जलद, कमी उंचीच्या रेघा. काही सेकंदांत त्या उंच टोकदार व्हायला लागतात. मग मुख्य भाग, टोक आणि त्यामागे एक मोठी संथ लाट, परत टोक, परत लाट, सेकंदाला साधारण तीन, उंच आणि एका लयीत, आणि दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर सारख्या. पाऊल याच वेळात ठोक्यासारखं उडत असतं. हळूहळू लाटा संथ होतात, आणि मग चांगल्या फिटमध्ये एकदम, जणू कात्रीने कापल्यासारखी, पट्टी सपाट होते. या सपाटपणाला पोस्ट-इक्टल सप्रेशन म्हणतात.

मी स्वतः आधी शेवट बघतो. लाटांची उंची चांगली, दोन्ही बाजू सारख्या, शेवट लख्ख सपाट आणि नाडी जोरात धावलेली, हे चारही असेल तर २४ सेकंदांची फिटसुद्धा मला ५० सेकंदांच्या बुटक्या, विस्कळीत, विरत विरत संपलेल्या फिटपेक्षा बरी वाटते. शेवट कुठे झाला हेच कळत नाही अशी पट्टी असेल तर ती चांगली नाही, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. पण सावध, अॅनेस्थेटिस्टने मास्क धरताना डोकं हलवलं तरी पट्टीवर लाटा येतात, आणि सपाट भागात ईसीजीचे ठोके उमटतात, ते फिट समजून मोजू नका.

उलटही लक्षात ठेवा. पाऊल थांबलं पण पट्टी चालूच आहे असं होतं, म्हणून ईईजी बघितल्याशिवाय "संपली" म्हणायचं नाही. २ मिनिटांच्या पुढे गेली तर थांबवायची, मिडाझोलम किंवा भुलीचंच औषध थोडं परत देऊन, ऑक्सिजन चालू ठेवून. पुढच्या वेळी डोस आणि औषधं दोन्ही तपासायची, दम्याचं थिओफिलीन चालू असेल तर हा धोका जास्त.

चौथी सेशन बिघडली तेव्हा

काकूंची दुसरी-तिसरी सेशन ९० मिलीकुलोमवर छान गेली, पट्टी सुंदर, घोटभर चहा स्वतःहून मागितला. चौथीला हालचाल १६ सेकंद, ईईजी २१, लाटा बुटक्या, शेवट विरघळलेला. पहिली प्रतिक्रिया "डोस वाढवू" हीच येते, पण आधी चार्ट उघडायचा. रात्री झोप येत नाही म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरने लोराझेपाम २ मिलिग्रॅम दिलेलं. आणि सकाळी काकू अस्वस्थ होत्या म्हणून थायोपेंटोन १५० ऐवजी २०० गेलेलं. दोन्ही फिट दाबणारी.

फिट आलीच नसती तर त्याच भुलीत डोस वाढवून परत दिली असती. इथे आली आहे, फक्त फिकी. म्हणून सोडून दिलं, पाचव्या सेशनच्या आदल्या रात्री लोराझेपाम नाही, थायोपेंटोन परत १५०, बटणाआधी नीट दोन मिनिटं श्वास. त्याच ९० वर फिट ३० सेकंद आणि शेवट सपाट. सातव्याला मात्र सगळं नीट असूनही पट्टी परत बुटकी झाली, तेव्हा १२० केलं, कारण सेशन्स वाढत जातात तसा थ्रेशोल्ड स्वतःच वर सरकतो आणि आपला दीडपटचा फायदा खाऊन टाकतो.

एवढी कटकट कशाला, सगळ्यांना सरळ जास्त डोस द्या की

कारण जास्त डोसची किंमत आठवणीतून वसूल होते. थ्रेशोल्डच्या खूप वर दिलेली बायटेम्पोरल काम करतेच, पण वरच्या अभ्यासात बघितलं ना, ६५ आणि ६३, जास्तीचा काही फायदा नाही, आणि नंतरचा गोंधळ मात्र वाढतो. हे मोजायला मशीन लागत नाही. जाग आल्यावर दर पाच मिनिटांनी पाच गोष्टी विचारायच्या, नाव, वय, जागा, वार, जन्मतारीख, आणि चारांची बरोबर उत्तरं यायला किती मिनिटं लागली ते लिहायचं. काकूंना दुसऱ्या सेशनला १५ मिनिटं लागली, सातव्याला २०, आठव्याला ४५. पट्टी आठव्याला अप्रतिम होती. काकू आता जेवत होत्या, सुनेशी भांडतही होत्या, म्हणून डोसला हात न लावता आठवड्याच्या तीन सेशन्सच्या दोन केल्या, आणि नवव्याला तेच प्रश्न २५ मिनिटांत सुटले.